केबलवाटे घरात येणारी वीज: सेट-टॉप बॉक्स, अर्थिंग आणि वळवाची वादळं

प्रश्न (फैजपूर): परवाच्या वादळात वीज घरावर नाही, लांब केळीच्या बागेत पडली. टीव्ही आणि डिशचा बॉक्स दोन्ही स्पाइक बस्टरवर होते. बॉक्सचा लाइट लागतो, पण सिग्नल नाही, आणि टीव्हीचा एचडीएमआयही गेला. स्पाइक बस्टर मात्र ठणठणीत आहे. असं कसं?

तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. झटका भिंतीतल्या प्लगमधून आला असता, तर आधी अडॅप्टर गेला असता आणि बॉक्सचा लाइट लागलाच नसता. अडॅप्टर शाबूत, सिग्नल गायब आणि एचडीएमआय मेलेला, असे तीन प्रकार एकत्र दिसले की झटका गच्चीवरच्या केबलमधून आला असं मी धरून चालतो. वळवाच्या पावसानंतर माझ्या टेबलावर येणाऱ्या बॉक्सांत ही जोडी वारंवार दिसते.

वीज लांब पडूनही हे होतं, कारण वीज पडते त्या क्षणी तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र एकदम उसळतं. तुमच्या घरात तारांचा एक मोठा फास तयार झालेला असतो. डिशपासून केबल खाली बॉक्सात येते, बॉक्समधून एचडीएमआयच्या तारेने टीव्हीत जाते, टीव्हीच्या वायरने बोर्डात आणि तिथून घराच्या वायरिंगमध्ये. या फासाने सुमारे २० चौरस मीटर जागा वेढली आहे असं धरू. २०० मीटरवर ३०,००० अँपिअरची वीज पडली आणि तिला शिखर गाठायला एक-दोन मायक्रोसेकंद लागले, तर या फासात ३०० ते ६०० व्होल्ट उभे राहतात. फास मोठा असेल किंवा वीज आणखी जवळ पडली, तर हा आकडा वाढतो.

हे व्होल्ट सबंध फासात सारखे वाटले जात नाहीत. जिथे जोड सगळ्यांत नाजूक, तिथे ते बसतात. केबलच्या मधल्या तारेभोवतीची जाळी बॉक्सच्या पत्र्याला जोडलेली असते आणि बॉक्सचा पत्रा एचडीएमआयमधून टीव्हीच्या पत्र्याला. मधल्या चिपा तीन-चार व्होल्टवर काम करणाऱ्या, म्हणून त्याच जातात. तुमचा स्पाइक बस्टर प्रामाणिकपणे पुढच्या दारावर उभा होता. झटका मागच्या दाराने आला.

नवा बॉक्स घेण्याआधी एक तपासणी करून घ्या. डिशचा बॉक्स केबलमधून वर एलएनबीला, म्हणजे डिशच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट डीसी पाठवत असतो. वादळ शमल्यावर, आभाळ निवळल्यावर, केबल बॉक्सपासून सोडवा, बॉक्स चालू करा आणि त्याच्या सॉकेटवर मल्टिमीटर धरा: एक टोक मधल्या छिद्रात, दुसरं बाहेरच्या आट्यांवर. व्होल्ट दिसलेच नाहीत तर बॉक्सातला सप्लायचा भाग गेला आणि तो बहुतेक वेळा दुरुस्त होतो. व्होल्ट नीट असतील तर बॉक्स शेजाऱ्याच्या डिशला लावून पाहा. तिथे चित्र आलं तर बहुधा तुमची एलएनबी गेली आहे, आणि ती बॉक्सपेक्षा स्वस्त पडते.

उलट, अडॅप्टरचा जळका वास येत असेल, पंखे आणि बल्बही गेले असतील, गल्लीत आणखी दोन-चार घरांत तेच झालं असेल, तर केबलचा काही दोष नाही. वाऱ्याने खांबावरचा न्यूट्रल तुटला की २३० च्या जागी ४०० व्होल्टच्या आसपास दाब घरात येऊ शकतो. तिथे केबलची अर्थिंग काही करू शकत नाही.

प्रश्न (पारोळा): वायरमन म्हणतो डिशसाठी गच्चीखाली अंगणात वेगळा रॉड ठोकू. घराची अर्थिंग समोर मीटरपाशी आहे. ठोकून घेऊ का?

नुसता ठोकून घेऊ नका. वेगळा ठेवलेला रॉड बॉक्सला वाचवण्याऐवजी मारतो.

हिशेब करून पाहू. अंगणातल्या रॉडचा जमिनीशी रोध २० ओहम आहे आणि वादळात त्यातून १,००० अँपिअर उतरले असं धरा. तेवढ्या क्षणापुरता तो रॉड, त्याला जोडलेली डिश आणि केबलची जाळी २०,००० व्होल्टवर जातात. समोरची मीटरपाशी असलेली अर्थिंग मात्र शून्याजवळच आहे. या दोन जमिनींना जोडणारी वाट कुठली? केबल, बॉक्स, एचडीएमआय, टीव्ही आणि तिसरी पिन. म्हणजे २०,००० व्होल्टचा फरक नेमका बॉक्सवर पडला.

तापीला पूर येतो तेव्हा एकमेकींना बांधलेल्या दोन होड्या सोबत वर चढतात. दोन वेगळ्या दाव्यांना बांधल्या, तर मधला दोर तुटतो. अर्थिंगचंही तसंच आहे. सगळं एका जागी बांधलेलं असेल, तर दाब वर गेला तरी सगळ्यांचा सोबत जातो आणि बॉक्सच्या दोन टोकांत फरक उरत नाही.

म्हणून वायरमनला असं सांगा. डिशची केबल मागच्या खिडकीतून सरळ आत घ्यायची नाही. ती भिंतीच्या बाहेरून मीटरपाशी आणायची, तिथे ग्राउंड ब्लॉक लावायचा आणि मग ती आत न्यायची. ग्राउंड ब्लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना केबलचे आटे असलेला छोटा धातूचा तुकडा, त्यावर हिरव्या वायरसाठी एक स्क्रू असतो. त्या स्क्रूपासून घराच्या मुख्य अर्थिंगपर्यंत किमान ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, शक्य तेवढी आखूड आणि सरळ.

आखूडपणावर मी जोर देतो त्याला कारण आहे. विजेच्या झटक्यासाठी वायरचा साधा रोध फारसा महत्त्वाचा नसतो, तिची लांबी महत्त्वाची असते. प्रवाह एका मायक्रोसेकंदात १,००० अँपिअरने वाढत असेल, तर वायरच्या दर मीटरला साधारण १,००० व्होल्ट पडतात. एक मीटर वायर आणि दहा मीटर वायर यांत एवढा फरक आहे. उरलेली वायर वेटोळं करून खिळ्याला टांगायची सवय तर अगदीच वाईट. केबल दहा मीटर जास्त लागली तरी चालेल, कारण चांगली आरजी-६ केबल पंचवीस-तीस मीटरपर्यंत सहज निभावते.

अंगणात रॉड ठोकायचाच असेल, तर तो जाड तांब्याच्या वायरने मीटरच्या अर्थिंगला जोडलाच पाहिजे. डिशची जागाही पाहा. गच्चीच्या कठड्यावर उंच उभी डिश सगळ्यांत धोक्यात असते. भिंतीला, छताच्या कडेपासून २ मीटरहून खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत डिश बसवली, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तिच्या खांबाला वेगळी अर्थिंग लागत नाही. दक्षिण-पूर्वेचं आभाळ मोकळं दिसत असेल तर हे सहज जमतं.

आता आपल्याकडची खास अडचण. खान्देशातली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते. अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती आकसून पाइपापासून सुटते आणि रोध कित्येक पटींनी वाढतो. वळवाचं पहिलं वादळ येतं ते नेमकं याच दिवसांत, म्हणजे अर्थिंगची सगळ्यांत जास्त गरज असताना ती सगळ्यांत कमजोर असते. एप्रिलपासून दर आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. माझ्या घरी मी हे चुकवत नाही.

मीटरपाशी खरंच अर्थिंग आहे का, हेही तपासून घ्या. बऱ्याच जुन्या घरांत तिसऱ्या पिनला वायरच नसते. त्याहून घातक म्हणजे काही ठिकाणी ती न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. अशा घरात ग्राउंड ब्लॉक लावला आणि वादळात बाहेरचा न्यूट्रल तुटला, तर केबल, डिश आणि बॉक्सचा पत्रा सगळ्यांत करंट येईल. बोर्ड उघडून हे तपासायचं काम जाणत्या वायरमनचंच.

प्रश्न (शहादा): केबलमध्ये बसवायचे छोटे सर्ज प्रोटेक्टर मिळतात. त्यांचा उपयोग होतो का?

होतो, पण अर्थिंगला जोडला तरच. त्यात गॅस भरलेली बारीक नळी असते. मधली तार आणि जाळी यांत साधारण ९० व्होल्टच्या वर फरक गेला की ती नळी पेटते आणि दोघांना एकत्र जोडते. पण तुमची जाळीच हजारो व्होल्टवर गेली असेल, तर आता दोघी मिळून बॉक्समध्ये शिरतील. म्हणून त्याच्या स्क्रूलाही हिरवी वायर हवी, आणि तो टीव्हीमागे न बसवता मीटरपाशी, ग्राउंड ब्लॉकच्या जागी बसवा.

डिशसाठी घेत असाल तर डीसी पास करणारा आणि २१५० मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा घ्या. नाहीतर वर एलएनबीला व्होल्टच पोहोचणार नाहीत आणि तुम्ही बॉक्सला दोष देत बसाल. घरावर थेट वीज पडली, तर मात्र कोणताही प्रोटेक्टर बॉक्स वाचवेल अशी आशा ठेवू नका.

प्रश्न (चोपडा): आमच्याकडे खांबावरून येणारी केबल आहे. तिची पिन लावताना हाताला झिणझिण्या येतात. अर्थिंगला जोडून टाकू का?

आधी तपासा, मग जोडा. दोन पिनांच्या टीव्ही आणि बॉक्समधून थोडा करंट जाळीवर गळतच असतो. तो एकट्या घराचा असेल तर नुसत्या झिणझिण्या येतात. पण खांबावरच्या केबलला गल्लीतली सगळी घरं एकत्र जोडलेली असतात आणि सगळ्यांची गळती त्याच जाळीवर साठते. शिवाय वादळात ती केबल विजेच्या तारेला घासत असेल, तर पिनेवर जिवंत करंट असू शकतो. टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, म्हणून टेस्टरवर भरवसा ठेवू नका.

तुमचा बॉक्स आणि टीव्ही प्लगमधून काढून घ्या. केबल सोडवलेली असू द्या आणि पिनेला उघड्या हाताने स्पर्श करू नका. आता वायरमनला मल्टिमीटरने जाळी आणि घराची अर्थिंग यांतले एसी व्होल्ट मोजायला सांगा. दोन-चार व्होल्ट असतील तर ग्राउंड ब्लॉक लावायला हरकत नाही. पन्नास-शंभर किंवा त्याहून जास्त दिसले, तर काहीही जोडू नका. केबलवाल्याला बोलवा आणि खांबापासून तपासायला लावा. तोवर लहान मुलांना टीव्हीमागे जाऊ देऊ नका.

प्रश्न (अमळनेर): वादळ आल्यावर स्विच बंद करतो. तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. स्विच फक्त फेजची वाट तोडतो. न्यूट्रल, अर्थ आणि केबल जोडलेलेच राहतात, आणि बोर्डातल्या स्विचची मिलिमीटरभर फट झटका सहज ओलांडतो. बॉक्स आणि टीव्हीचे प्लग काढा, केबल बॉक्सपासून सोडवा आणि तिचं टोक बॉक्सपासून हातभर लांब ठेवा. घरात इंटरनेटची वायर टीव्हीला किंवा बॉक्सला जोडलेली असेल तर तीही काढा.

हे सगळं वादळ पोहोचण्याआधी करायचं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि केबलला हात लावायची वेळ गेली. मग बॉक्स जळाला तरी जळू द्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनवर असेल तर आसपासच्या विजांची सूचना आधी मिळते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच केबल परत लावा.