वॉर्डात पेशंट पडला तर पडण्याआधीचं असेसमेंट, चपला, रेलिंग हे नोंदीत कसं लिहायचं?

पडण्याआधीचं शेवटचं असेसमेंट मूळ वेळ आणि स्कोअरसह जसंच्या तसं लिहा, त्यात खाडाखोड नको. पडल्यानंतरचं वेगळं, नव्या वेळेने करा. वॉर्डात नर्स म्हणून मी जुनंच असेसमेंट नंतर बदलण्याची चूक जास्त पाहिली आहे. समजा पडण्याचा धोका मोजणाऱ्या मॉर्स स्केलवर दुसरा आजार १५, सलाईन २०, अशक्त चाल १०, एकूण ४५. हा जास्त धोका धरतात, म्हणून तेव्हा काय काळजी घेतली तेही लिहा. चपलांबद्दल नेमकं: 'रबरी स्लिपर, तळ झिजलेला, डावी कॉटखाली'. कॉटचं रेलिंग कोणत्या बाजूचं वर, कोणतं खाली? दोन्ही वर असली तरी गोंधळलेला पेशंट ओलांडून जाऊ शकतो आणि मग जास्त उंचावरून पडतो. पडताना कुणी पाहिलं नसेल तर मात्र 'घसरून पडला' नाही, 'जमिनीवर आढळला' असंच लिहा.