प्रथम अपील फेटाळले गेल्यानंतर: नव्वद दिवस कोणत्या तारखेपासून?

प्रश्न: आमच्या ग्रामपंचायतीने केलेल्या सिमेंट रस्त्याची देयके आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मी माहिती अधिकारात मागितल्या होत्या. "त्रयस्थ पक्षाची माहिती" असे एका ओळीचे उत्तर देऊन त्या नाकारण्यात आल्या. प्रथम अपील १२ जूनच्या आदेशाने फेटाळले गेले. आदेश मला २३ जूनला टपालाने मिळाला. त्यानंतर मी त्याच अपिलीय अधिकाऱ्यांकडे फेरविचाराचा अर्ज केला आणि दोन स्मरणपत्रेही दिली, पण उत्तर आले नाही. आता ऑगस्ट संपत आला आहे. दुसरे अपील करावे, नवा अर्ज करावा की तक्रार करावी?

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट रस्ता नाही, ठेकेदारही नाही, ती आहे २३ जून ही तारीख. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम १९(३) प्रमाणे प्रथम अपिलाचा निर्णय प्रत्यक्ष मिळाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील दाखल करावे लागते. २३ जून वगळून मोजल्यास ही मुदत २१ सप्टेंबरला संपते. आदेशावरच्या, म्हणजे १२ जूनच्या तारखेपासून कोणी मोजायला बसला तर ती १० सप्टेंबरलाच संपते. तो हिशेब चुकीचा आहे, पण त्यावर वाद घालत बसण्याची वेळ येऊ नये म्हणून अपील १० सप्टेंबरपूर्वीच आयोगात पोहोचवावे आणि आदेश ज्या पाकिटातून आला ते टपालाच्या शिक्क्यासह जपून ठेवावे.

फेरविचाराच्या अर्जाबद्दल मला थोडे स्पष्टच लिहावे लागेल, कारण अशी पत्रे नेहमी येतात आणि त्यांतले निम्मे नुकसान या एकाच सवयीने झालेले असते. प्रथम अपिलीय अधिकाऱ्याने स्वतःच्या आदेशाचे पुनर्विलोकन करावे, अशी तरतूद या कायद्यात नाही. त्यामुळे तुमच्या अर्जाला उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नव्हते आणि त्या अर्जाने किंवा स्मरणपत्रांनी नव्वद दिवसांची गणना क्षणभरही थांबली नाही. दोन महिने तुम्ही ज्या दारावर थाप मारत होतात ते आदेश निघाला त्याच दिवशी बंद झाले होते. तिसरे स्मरणपत्र लिहू नये. मुदत उलटून गेल्यावर पत्र लिहिणाऱ्यांसाठी सांगतो, की पुरेसे कारण दाखवल्यास आयोग विलंबाने आलेले अपीलही दाखल करून घेऊ शकतो. मात्र "फेरविचाराच्या उत्तराची वाट पाहत होतो" हे कारण पुरेसे मानले जाईलच, असे मी कोणालाही सांगणार नाही.

दुसऱ्या अपिलाचे काम अवघड नाही. महाराष्ट्राच्या नियमांत त्यासाठी जोडपत्र 'क' हा नमुना आहे आणि वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा असतो. मूळ अर्ज, नकाराचे उत्तर, प्रथम अपील आणि त्यावरील आदेश यांच्या प्रती जोडाव्यात आणि तुमच्या जिल्ह्यासाठी असलेल्या खंडपीठाकडे अपील स्पीड पोस्टाने पाठवावे किंवा समक्ष देऊन पोच घ्यावी. खरा वेळ अपिलाच्या कारणांवर द्यावा, कारण तुमची बाजू तिथे चांगलीच भक्कम आहे.

"त्रयस्थ पक्ष" हा शब्द उच्चारला की माहिती नाकारता येते, असा समज कार्यालयांत पक्का बसलेला आहे. वास्तविक कलम ११ ही माहिती नाकारण्याची सबब नसून ती एक कार्यपद्धती आहे. त्रयस्थ पक्षाने जी माहिती गोपनीय मानली आहे ती देण्याचा विचार असेल, तर माहिती अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत त्या पक्षाला लेखी नोटीस द्यायची, त्याला म्हणणे मांडायला दहा दिवस द्यायचे आणि नंतर निर्णय स्वतः घ्यायचा. ठेकेदाराने हरकत घेतली तरी तेवढ्याने विषय संपत नाही. नकाराला कलम ८ किंवा ९ मधला आधार लागतोच. तुम्हाला मिळालेल्या एका ओळीच्या उत्तरात ना नोटिशीचा उल्लेख आहे, ना कलम ८ च्या कोणत्या खंडाचा. शिवाय मोजमाप पुस्तिका ठेकेदाराने दिलेला कागदच नाही. झालेल्या कामाची मोजमापे अभियंता त्यात नोंदवतो आणि त्याच आधारावर सार्वजनिक पैशातून देयक निघते. हा सगळा मजकूर अपिलात क्रमाने लिहावा आणि नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे माहिती अधिकाऱ्यावर आहे, हेही नमूद करावे.

सुनावणीत समोरून "वैयक्तिक माहिती" ही नवी सबब पुढे येण्याची शक्यता आहे, कारण नोव्हेंबर २०२५ पासून कलम ८(१) मधील त्याविषयीचा खंड बदलला असून तो पूर्वीपेक्षा व्यापक झाला आहे. त्याला उत्तर म्हणून ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक आणि पॅन झाकून प्रती द्याव्यात, अशी पर्यायी मागणी कलम १० खाली आधीच करून ठेवावी आणि कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा मुद्दाही मांडावा. आयोग यातले किती मान्य करील याची हमी मात्र देता येत नाही.

तक्रारीचा मार्ग, म्हणजे कलम १८, ऐकायला जोरदार वाटतो. पण त्यातून कागद मिळत नाहीत. मणिपूर राज्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे, की कलम १८ च्या तक्रारीवर आयोग माहिती देण्याचा आदेश करू शकत नाही. त्यासाठी कलम १९ चे अपीलच हवे. तक्रारीतून फार तर माहिती अधिकाऱ्यावर दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, अशी शास्ती होऊ शकते, आणि ती रक्कम तुम्हाला मिळत नाही. प्रथम अपिलीय अधिकारी तर त्या शास्तीच्या कक्षेतच येत नाही. म्हणून कलम २० खालील शास्तीची मागणी दुसऱ्या अपिलातच करावी. केवळ तक्रार करून थांबलेले अर्जदार मी पाहिले आहेत; सुनावणीच्या दिवशी त्यांना अपिलाची मुदत कधीच उलटून गेल्याचे कळते.

नव्या अर्जाला कायद्याने बंदी नाही; पण तोच अर्ज पुन्हा केला तर तेच उत्तर येईल आणि त्याची वाट पाहताना २१ सप्टेंबर निघून जाईल. अपील दाखल केल्यानंतर मात्र एक वेगळा अर्ज जरूर करावा: तुमच्या पहिल्या अर्जाबाबत ठेकेदाराला कलम ११ ची नोटीस पाठवली असल्यास तिची प्रत, त्याच्या उत्तराची प्रत आणि त्या काळातील जावक नोंदवहीची संबंधित पाने त्यात मागावीत. विषय एकच ठेवावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसवावा. नोटीस गेलीच नसेल, तर ते उत्तर सुनावणीत तुमच्या फार उपयोगी पडेल.

ते उत्तर मिळवायला वेळ भरपूर आहे, कारण आयोगाने दुसरे अपील किती दिवसांत निकाली काढावे यावर कायद्यात कोणतीही कालमर्यादा नाही. नागरिकाला नव्वद दिवस मोजून दिले आहेत, आयोगाला एकही नाही. सुनावणीची नोटीस यायला वर्षही उलटू शकते. दिवाणी न्यायालयाचा मार्ग कलम २३ ने बंद केलेला आहे आणि उच्च न्यायालयात आताच रिट याचिका केली, तर आधी दुसरे अपील करा असेच बहुधा सांगितले जाईल. आयोगाचा आदेश विरुद्ध गेला, किंवा अपील अवाजवी काळ पडून राहिले, तर त्या याचिकेचा विचार स्थानिक वकिलाशी बोलून करावा.