चार चांगले प्रकल्प आणि पैसे एकच कोटी

प्रश्न: आमच्या कंपनीसमोर चार प्रकल्प आहेत आणि चारही फायद्याचे दिसतात, पण यंदा भांडवली खर्चासाठी एक कोटीच मिळणार आहेत. एनपीव्ही जास्त असलेला प्रकल्प आधी घ्यावा की नफाक्षमता निर्देशांक पाहावा?

आधी निर्देशांकाने क्रम लावावा आणि मग तो क्रम आकडेमोड करून तपासावा, कारण तपासणीत तो बदलू शकतो. तुमचे आकडे माझ्यापाशी नसल्यामुळे तासगाव भागातील बेदाणा प्रक्रिया करणाऱ्या एका काल्पनिक कंपनीचे उदाहरण घेतो. तिला शीतगृहासाठी 70 लाख, रंगानुसार प्रतवारी करणाऱ्या यंत्रासाठी 50 लाख, छतावरील सौर संचासाठी 40 लाख आणि पॅकिंग यंत्रासाठी 30 लाख लागतील. निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही, हे भविष्यातील निव्वळ रोख आवकीच्या आजच्या मूल्यातून आरंभीची गुंतवणूक वजा करून मिळते; ते येथे याच क्रमाने 17.5, 16, 14 आणि 6 लाख आहे. पैसे मुबलक असते तर चारही प्रकल्प घ्यायला हवे होते, पण त्यासाठी एक कोटी नव्वद लाख लागतात.

एनपीव्हीच्या उतरत्या क्रमाने गेल्यास शीतगृह पहिले येते. उरलेल्या 30 लाखांत केवळ पॅकिंग यंत्र बसते आणि एकूण एनपीव्ही 23.5 लाख होते. शीतगृहाचा आकडा मोठा दिसतो तो बऱ्याच अंशी त्यात पैसाही जास्त गुंततो म्हणून. टंचाई पैशाची असल्यामुळे गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे किती मूल्य निर्माण होते, हे पाहणे योग्य ठरते. नफाक्षमता निर्देशांक नेमके तेच सांगतो: भविष्यातील निव्वळ रोख आवकीचे वर्तमान मूल्य भागिले आरंभीची गुंतवणूक. शीतगृहाचा निर्देशांक 1.25, प्रतवारी यंत्राचा 1.32, सौर संचाचा 1.35 आणि पॅकिंग यंत्राचा 1.20 येतो. या क्रमाने सौर संच आणि प्रतवारी यंत्र निवडल्यास 90 लाखांत 30 लाखांचे एनपीव्ही मिळते आणि शिवाय 10 लाख शिल्लक राहतात. छेदात खेळते भांडवलही धरावे, हे येथेच सांगून ठेवतो. यंत्राची किंमत तेवढी धरून हंगामातील बेदाणा खरेदीला लागणारा पैसा वगळला, तर निर्देशांक उगाचच फुगतो.

आता मर्यादा एक कोटीऐवजी एक कोटी दहा लाख असती तर काय झाले असते, ते पाहा. निर्देशांकाचा क्रम पुन्हा तेच दोन प्रकल्प सुचवतो, कारण उरलेल्या 20 लाखांत पॅकिंग यंत्रही बसत नाही. मात्र शीतगृह आणि सौर संच मिळून नेमके 110 लाख होतात आणि त्यांचे एकत्रित एनपीव्ही 31.5 लाख भरते, म्हणजे 1.32 निर्देशांकाचे यंत्र बाजूला ठेवून 1.25 चे शीतगृह घेणे फायद्याचे ठरते. प्रकल्प तुकड्यांत घेता आले असते तर निर्देशांकाचा क्रम कधीच चुकला नसता. पण अर्धे शीतगृह बांधता येत नाही, आणि शेवटी उरणारी रक्कम हाच सारा घोळ करते. त्यामुळे क्रम लावल्यावर मोठी रक्कम शिल्लक राहत असेल, तर ती धोक्याची खूण समजून मर्यादेत बसणारे सर्व गट तपासावेत. चार प्रकल्पांचे 16 गट कागदावर होतात. दहा प्रकल्पांचे 1024 होत असल्यामुळे तेव्हा एक्सेलमधील सॉल्व्हर वापरावा, आणि निवडीच्या रकान्याला `bin` ही अट घालावी, म्हणजे प्रत्येक प्रकल्प पूर्ण घेतला जाईल किंवा मुळीच घेतला जाणार नाही.

मर्यादा पुढील वर्षीही असेल तर मात्र निर्देशांकाचा फारसा उपयोग नाही, कारण तो एकाच वर्षाची टंचाई मोजतो. आज कमी पैसा मागणारा प्रकल्प दुसऱ्या वर्षी दुप्पट मागू शकतो. शिकागो विद्यापीठातील लॉरी आणि सॅव्हेज या अभ्यासकांनी 1955 मध्येच ही अडचण मांडली होती. अशा वेळी सॉल्व्हरमध्ये प्रत्येक वर्षासाठी वेगळी मर्यादा घालावी लागते.

मी तुमच्या जागी असतो तर आणखी एक गोष्ट विचारली असती: हे एक कोटी कोणी ठरवले? बँकच त्यापुढे कर्ज देत नसेल तर वरील निवडीवर थांबावे लागेल. पण पुष्कळदा हा आकडा संचालक मंडळाने स्वतःच ठरवलेला असतो, आणि तसे असल्यास त्यांच्यापुढे हिशेब मांडता येतो. आपल्या उदाहरणात मर्यादा 120 लाख केली तर सौर संच, प्रतवारी यंत्र आणि पॅकिंग यंत्र ही तिन्ही बसतात आणि एनपीव्ही 30 वरून 36 लाखांवर जाते. भांडवलाचा नेहमीचा खर्च त्यातून आधीच वजा झालेला आहे. म्हणून वरचे 20 लाख उभारण्यासाठी नेहमीपेक्षा जास्त व्याज द्यावे लागले, तरी त्या जादा बोजाचे वर्तमान मूल्य सहा लाखांच्या आत असेपर्यंत ते पैसे उभारणे कंपनीच्या फायद्याचेच आहे.