गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं जेल लावलं तर रक्तात किती जातं?

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, उजवा गुडघा फार दुखतो. बीपीची गोळी चालू आहे. क्रिएटिनिन जरा वाढलं म्हणून डॉक्टरांनी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या बंद केल्या. आता जेल लावलं तर चालेल का? शेवटी औषध तेच ना?

उत्तर :

मी फार्मासिस्ट आहे. औषध तेच आहे, पण रक्तात पोचणारं प्रमाण खूप कमी असतं. त्यामुळे आईंसाठी गोळीपेक्षा जेल नक्कीच बरं. फक्त क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची शक्यता असताना तेही डॉक्टरांना सांगूनच सुरू करा.

१ टक्क्याच्या जेलचं एका गुडघ्यासाठीचं पूर्ण माप म्हणजे एका वेळी ४ ग्रॅम, दिवसातून ४ वेळा. दिवसभरात १६ ग्रॅम जेल झालं आणि त्यात १६० मिलिग्रॅम डायक्लोफेनॅक. ५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्यांमध्ये १५०. म्हणजे कातडीवर औषध गोळ्यांइतकंच पडतं. तरीही मोजणी केली तेव्हा दिवसभरात रक्तात आलेलं औषध गोळ्यांच्या तुलनेत साधारण ६ टक्केच भरलं. रक्तातली सर्वांत वरची पातळी तर गोळीच्या १ टक्क्याहूनही कमी होती. कातडीचा वरचा थर औषध अडवून धरतो आणि अगदी सावकाश आत सोडतो, म्हणून गोळीसारखी एकदम उसळी येत नाही. गुडघ्याचा सांधा कातडीच्या जवळ असल्याने तिथे मात्र पुरेसं औषध पोचतं. खुब्याच्या खोल सांध्याला हेच जेल फारसं उपयोगी पडत नाही.

मात्र हे ६ टक्के एका गुडघ्याचे आहेत. दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात मिळून दिवसाला ४८ ग्रॅम लावलं, तेव्हा रक्तातलं प्रमाण गोळ्यांच्या २० टक्क्यांपर्यंत गेलं. पाठ, मान, खांदा, जिथे दुखेल तिथे जेल चोळत राहिलं, तर ‘नुसतं वरून लावायचं औषध’ हा हिशेब बिघडतो. बाजारात २ टक्क्यांच्या आसपासची जेलही आहेत, ती दिवसातून दोनदाच लावतात. म्हणून ट्यूबवरची टक्केवारी आधी वाचा.

आता मूत्रपिंडाचं बघू. मूत्रपिंडात रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्या मोकळ्या ठेवण्याचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात आणि डायक्लोफेनॅक नेमकं त्यांचंच उत्पादन थांबवतं. निरोगी माणसाचं त्याने सहसा अडत नाही. पण टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी, जोडीला लघवी वाढवणारी गोळी आणि वर हे औषध, असं त्रिकूट जमलं की मूत्रपिंडावर दाब येतो. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ही दोन्ही औषधं एकत्रच असतात, तेव्हा आईंच्या पाकिटावरची नावं डॉक्टरांना दाखवा. जेलने धोका कमी होतो, शून्य होत नाही. सुरू केल्यावर क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं तेही विचारून ठेवा. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल तर ते दिवस जेल बंद. पायावर सूज आली किंवा लघवी कमी झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

ज्यांना अ‍ॅस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक गोळीने दम लागतो, अंगावर गांधी उठतात किंवा ओठ सुजतात, त्यांनी हे जेल अजिबात लावू नये. अशा प्रतिक्रियेला थोडं औषधही पुरतं, त्यामुळे इथे ६ टक्क्यांचा दिलासा धरता येत नाही. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. हृदय निकामी होण्याचा त्रास, पोटातला अल्सर किंवा वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी जेलमधल्या मिथाइल सॅलिसिलेटकडेही लक्ष द्यावं. बऱ्याच मिश्र जेलमध्ये ते असतं, कातडीतून रक्तात जातं आणि रक्त आणखी पातळ करू शकतं.

माझ्या पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे : जेल चालू असतानाच ‘आज जास्त दुखतंय’ म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी घेणं. मग जेलने वाचवलेलं सगळं गोळीने परत येतं. जेवणानंतर घेतली म्हणून पोट वाचत नाही, कारण ही गोळी रक्तातूनही पोटाचं अस्तर कमजोर करते. शौच काळी, डांबरासारखी झाली तर तो रक्तस्राव समजा.

लावताना ४ ग्रॅम म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर लांब पट्टी, ट्यूबसोबत मापपट्टी आली असेल तर तीच वापरा. वाटाण्याएवढं जेल लावून ‘गुण येत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. गुडघ्याच्या पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हलक्या हाताने पसरा. कातडीला जखम किंवा पुरळ असेल तिथे नको. वर घट्ट पट्टा बांधू नका, गरम पाण्याची पिशवीही ठेवू नका, कारण त्याने औषध जास्त आत जाऊ शकतं. हात धुवा आणि तासभर गुडघा भिजवू नका. आठवडाभरात काहीच फरक पडला नाही तर माप वाढवू नका, गुडघा डॉक्टरांना पुन्हा दाखवा.