लेथवर परतण्याचा लेखी प्लॅन

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहे. मनगट मोडून तीन महिने घरी असलेला लेथ ऑपरेटर परत येतोय. त्याच्याशी काय बोलू, काय लिहू?

उत्तर: डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आल्याशिवाय मशीनवर उभं करू नका. आधी बसून विचारा: चकची चावी पिळता येते का, पकड सुटते का, झोप आणणाऱ्या गोळ्या चालू आहेत का. प्लॅनमध्ये नुसतं ‘हलकं काम’ लिहिलंत तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला जॉब उचलायला लावणारच. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली वजनाची मर्यादा किलोत लिहा. पहिले दोन आठवडे इन्स्पेक्शन टेबल, मग छोटे जॉब, दर शनिवारी तपासणी. सूज किंवा मुंग्या आल्या तर परत टेबलावर, आणि पुन्हा डॉक्टरांकडे. कागद इंग्रजी-कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून मगच सही घ्या.