मराठी बरोबर, इंग्रजी अंदाजाने: दोन लिपींमध्ये डिस्लेक्सिया कसा ओळखावा?

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. मराठी सावकाश पण बरोबर वाचते. इंग्रजीत मात्र पहिलं अक्षर बघून काहीही ठोकून देते. दोन भाषांमुळे गोंधळ होतोय की हा डिस्लेक्सिया आहे? घरी एकच भाषा ठेवावी का?

उत्तर:

भाषा बंद करू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही आणि एक भाषा काढल्याने तो जातही नाही. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो शब्द 'सावकाश'. त्याच्याकडे वळण्याआधी दोन भाषांबद्दल थोडं.

दुभाषी मेंदूत एक भाषा चालू असताना दुसरी झोपलेली नसते. १९९९ साली मायकेल स्पिव्ही आणि व्हियोरिका मारियन यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या नजरेचा माग घेतला. समोर काही वस्तू ठेवून त्यांना रशियनमध्ये टपाल तिकीट उचलायला सांगितलं. रशियनमध्ये तिकिटाला 'मार्का' म्हणतात आणि वाक्यात त्याचं रूप 'मार्कू' होतं. तो शब्द ऐकता ऐकता त्यांची नजर क्षणभर शेजारच्या मार्करकडे जात होती. सूचना पूर्णपणे रशियनमध्ये असूनही इंग्रजी शब्द जागा झाला होता. मेंदू असा नको असलेला शब्द सतत बाजूला सारत असतो. त्यामुळे कधी शब्द आठवायला किंचित उशीर होतो, कधी मराठी वाक्यात इंग्रजी शब्द येतो. हे दोष नव्हेत, आणि वाचनदोषाची लक्षणं तर नाहीतच.

वाचनाचं तसं नाही. बोलणं मूल ऐकून शिकतं, वाचन शिकवावं लागतं. शिकताना डाव्या मेंदूच्या मागच्या-खालच्या बाजूचा एक भाग अक्षरं ओळखण्यात तरबेज होतो. देवनागरी असो वा रोमन, मुख्य भार त्याच भागावर असतो. सुरुवातीला मूल चिन्ह बघतं, त्याचा आवाज आठवतं, आवाज क्रमाने लक्षात धरून जोडतं आणि मग शब्द ओळखतं. हे एकाच शब्दाच्या बाबतीत पुरेशा वेळा घडलं की तो शब्द एका नजरेत उमटू लागतो. डिस्लेक्सिया असलेल्या बहुतेक मुलांची अडचण मधल्या टप्प्यांत असते: शब्दातले आवाज सुटे करणं, ते धरून ठेवणं आणि चिन्हाशी झटकन जोडणं. त्यांना अक्षरं उलटी दिसतात हा गैरसमज आहे.

आता 'सावकाश' का महत्त्वाचा, ते. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १३ युरोपीय भाषांतल्या मुलांचं पहिलीच्या अखेरीचं वाचन तपासलं. फिनिश मुलं साधे, ओळखीचे शब्द सुमारे ९८ टक्के बरोबर वाचत होती. इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुलं ३४ टक्क्यांवर होती. मुलांच्या बुद्धीपेक्षा स्पेलिंगचा यात मोठा वाटा आहे. इंग्रजीत दो, थ्रू, कफ, टफ या चारही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच अक्षरं येतात आणि चारही वेळा उच्चार वेगळा होतो.

देवनागरीतही अडचणी आहेत. पहिली वेलांटी व्यंजनाआधी दिसते पण नंतर उच्चारतात. 'सूर्य'मधला रफार 'य'वर बसतो, उच्चार मात्र त्याच्या आधी. 'चार' आणि 'चाक' यांतला 'च' वेगळा. चिन्हंही रोमनपेक्षा कितीतरी जास्त, म्हणून ती पक्की व्हायला वेळ लागतो. पण एकदा पक्की झाली की बहुतेक शब्दांना उच्चार एकच असतो, म्हणून मूल रेटून का होईना बरोबर पोहोचतं. अशा लिपीत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा मंद वेगात दिसतो. इटालियनमध्येही असंच आढळलं. २००१ मध्ये एराल्डो पाउलेसू यांच्या गटाने इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी डिस्लेक्सिक प्रौढांची तुलना केली. इटालियन लोक जास्त अचूक वाचत होते, तरी वाचताना डाव्या मेंदूतली सक्रियता तिघांचीही सारखीच कमी होती. म्हणून 'मराठी बरोबर वाचते' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

हा फरक टोकाला गेलेलं एक उदाहरण वायडेल आणि बटरवर्थ यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. जपानमध्ये वाढलेला, इंग्रजीभाषक आईवडिलांचा सोळा वर्षांचा मुलगा. जपानी वाचनात तो पदवीच्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचा, आणि आपल्या मातृभाषेत, इंग्रजीत, जपानी वर्गमित्रांपेक्षाही मागे. जपानी काना लिपीत एका चिन्हाला साधारण एक पूर्ण अक्षराएवढा आवाज असतो, आणि कांजी चिन्ह अख्खं ओळखता येतं. इंग्रजीत मात्र शब्द सुट्या ध्वनींपर्यंत फोडावा लागतो, आणि तो तिथेच अडत होता.

तुमच्या मुलीबाबतही हाच प्रश्न आहे. देवनागरी वाचणारं मूल 'का-म' असे तुकडे सहज करतं, 'क्-आ-म्' असे करायची गरज त्याला क्वचित पडते. इंग्रजीला नेमकं तेच लागतं. ते कुणी शिकवलंच नसेल, तर मूल पहिलं अक्षर आणि शब्दाचा आकार बघून अंदाज करतं: 'हॉर्स'ला 'हाउस' म्हणतं.

घरी असं बघा. 'टिमोस', 'गुपेळ', 'ढेमित' असे दहा निरर्थक शब्द देवनागरीत लिहा. पाठ झालेले शब्द इथे कामाला येत नाहीत. ती वाचेल तेव्हा चुका मोजाच, पण वेळही मोजा. मग तिला विचारा, "'काम'मधला क् चा आवाज वगळला तर काय उरेल?" 'आम' आलं तर ध्वनी सुटा करता येतोय. असे आठ-दहा शब्द घ्या. शेवटी पाच ओळखीच्या वस्तूंची चित्रं प्रत्येकी दहा वेळा, म्हणजे एकूण पन्नास, उलटसुलट क्रमाने मांडून भराभर नावं सांगायला लावा, तिला जी भाषा सोपी जाते त्या भाषेत. ठोस आकडा मनात धरू नका. त्याच वर्गातल्या, तेच शिक्षण मिळालेल्या दोन-तीन मुलांची वेळ घेऊन तुलना करा.

देवनागरीत ती इतरांच्या बरोबरीने वाचत असेल आणि फक्त इंग्रजी अडत असेल, तर आधी इंग्रजी अक्षरांचे आवाज पद्धतशीर शिकवा. रोज पंधरा-वीस मिनिटं, आठ-दहा आठवडे, 'कॅट', 'शिप', 'स्टँप' अशा सरळ स्पेलिंगच्या शब्दांपासून. अंदाज कमी होऊन हे शब्द सुटू लागले तर उणीव बहुधा शिकवण्यात होती. उलट, निरर्थक मराठी शब्दांवर ती बरीच जास्त वेळ घेत असेल, आवाज वगळायच्या खेळात अडत असेल आणि चित्रांची नावंही रेंगाळत असतील, तर दहा आठवडे थांबू नका, डिस्लेक्सियाची तपासणी करून घ्या. आईवडिलांपैकी कुणाला लहानपणी वाचन जड गेलं असेल तर हा संशय आणखी पक्का धरा.

तपासणीआधी कान आणि डोळे तपासून घ्या. तपासणी दोन्ही भाषांत आणि वेळ मोजून करायला सांगा. फक्त इंग्रजी तपासलं तर भाषा कमी येणाऱ्या मुलावर चुकीचा शिक्का बसू शकतो. फक्त मराठी अचूकता तपासली तर डिस्लेक्सिया निसटू शकतो. लेखी इंग्रजीत व्ही-डब्ल्यूची अदलाबदल दिसली तर तपासणाऱ्याला सांगा की घरची भाषा मराठी आहे. त्या दोन्हींसाठी आपल्याकडे एकच 'व' असल्याने ही चूक मराठीतून आलेली असते आणि ती डिस्लेक्सियाच्या खात्यात मोजायची नसते.