सीईटीतले ९२ पर्सेंटाइल म्हणजे कितवा नंबर?

प्रश्न: मुलगी क्लासच्या टेस्टमध्ये १२० मुलांत दहावी होती. आता सीईटीत ९२ पर्सेंटाइल आलेत. हे चांगले की वाईट? कितवा नंबर धरायचा?

मी कोल्हापुरात बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. निकालानंतर बहुतेक पालक हेच विचारतात.

आधी क्लासचा नंबर पर्सेंटाइलमध्ये बदलून बघा. दहावी म्हणजे तिच्या पुढे ९ मुले. तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क असलेली, तिला धरून, १११. १११ भागिले १२०, गुणिले १००, म्हणजे ९२.५. सीईटीतही पर्सेंटाइल असेच काढतात, फक्त तिथे तिच्यासोबत त्याच शिफ्टला बसलेली सगळी मुले मोजतात. म्हणजे दोन्हीकडे तिची जागा जवळपास सारखीच आहे, ती मागे पडलेली नाही. आणि ९२ पर्सेंटाइल म्हणजे ९२ टक्के मार्क नव्हेत. पेपर अवघड असेल तर २०० पैकी बऱ्याच कमी मार्कांनाही ९२ येतात.

नंबर मात्र गर्दीवर ठरतो. १२० मुलांत ९२ म्हणजे पुढे नऊ-दहा जण. समजा राज्यात ३ लाख मुले बसली, तर पुढे साधारण २४ हजार. ४ लाख बसली, तर ३२ हजार. पर्सेंटाइल तेच, पण जागा तेवढ्याच असतील तर प्रवेशाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

एक गोष्ट मात्र दोन्ही आकडे लपवतात, ती म्हणजे मार्कांमधले अंतर. समजा क्लासमध्ये पहिल्याला १७१ आणि दुसऱ्याला १५८ मार्क आहेत. तेरा मार्कांचा फरक, तरी नंबर एकानेच बदलतो आणि पर्सेंटाइल १०० वरून ९९.१७ होते. उलट मधल्या गर्दीत ९० ते ९४ मार्कांत २० मुले दाटलेली असतील, तर चारच मार्क वाढले की वीसेक नंबर आणि सोळा-सतरा पर्सेंटाइल वर जाता येते. म्हणून 'मुलगी किती सुधारली' हे बघायचे असेल तर मार्क आणि चुकलेली गणितेच बघावीत. या कामाला पर्सेंटाइल वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवेशासाठी केआयटी किंवा दुसऱ्या कॉलेजची गेल्या वर्षीची कटऑफ यादी उघडा. त्यात मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल असे दोन्ही असतात. यंदाच्या मेरिट लिस्टमध्ये तिचा नंबर लागला की तो त्या नंबराशी ताडून बघा. वरचा २४ हजारांचा हिशेब परीक्षेला बसलेल्या सगळ्यांचा आहे. मेरिट लिस्टमध्ये फक्त प्रवेशप्रक्रियेत नाव नोंदवलेली मुले असतात, त्यामुळे तिथला नंबर सहसा याहून अलीकडचा निघतो.